मुदत कमी करू की हप्ता?

बोनस मिळतो, गावाकडची जमीन विकली जाते, एखादी विमा पॉलिसी पिकते आणि हातात एकदम चार-पाच लाख येतात. घरात पहिला विचार निघतो तो होम लोनचा. बँकेत पार्ट पेमेंट करायला गेलं की टेबलामागचा माणूस विचारतो, "मुदत कमी करू की हप्ता?" तेही तो विचारणारा असेल तर. बऱ्याच ठिकाणी कुणी विचारत नाही. ॲपवरून पैसे भरले की सॉफ्टवेअरमध्ये जे आधीपासून ठरलेलं असतं ते होऊन जातं आणि ते काय होतं हे आपल्याला पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट पाहूनच कळतं.

या प्रश्नाचं तयार उत्तर सगळ्यांना पाठ आहे: मुदत कमी करा, व्याज जास्त वाचतं. त्यातला आकडा खरा असतो. पण तो कुठून येतो हे पाहिलं नाही, तर नको त्या घरात नको तो निर्णय होतो. म्हणून आकडेमोड एकदा हाताने करून पाहू.

समजा, डोंबिवलीतल्या एका जोडप्याने ४० लाखांचं होम लोन घेतलं. व्याज साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं. हप्ता बसतो ३४,७१३ रुपये. (व्याजदर मधे वरखाली होतो, पण हिशेब कळावा म्हणून तो स्थिर धरू.) पाच वर्षं, म्हणजे साठ हप्ते, न चुकता भरले. एकूण भरणा झाला जवळपास २० लाख ८३ हजार. त्यातले १६ लाख ८ हजार व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं फक्त पावणेपाच लाखांनी. बाकी उरली ३५ लाख २५ हजार. हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्काच बसतो, पण यात बँकेची काही लबाडी नाही. बाकी रकमेवर व्याज लागतं आणि सुरुवातीला बाकीच मोठी असते, एवढंच.

आता हे दोघं पाच लाख भरतात. बाकी राहते ३० लाख २५ हजार, आणि दोन वाटा समोर येतात.

पहिली वाट, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायची. अजून १८० हप्ते बाकी होते, ते १३६ वर येतात. कर्ज तीन वर्षं आठ महिने आधी संपतं आणि पुढचं व्याज सुमारे १० लाख २५ हजारांनी वाचतं. दुसरी वाट, मुदत १८० महिनेच ठेवून हप्ता कमी करायचा. तो ३४,७१३ वरून २९,७८९ वर येतो. इथे व्याज वाचतं ३ लाख ८६ हजार. दोन्हींत फरक सहा लाख चाळीस हजारांच्या घरात. एवढा फरक पाहिल्यावर दुसरी वाट कोण धरेल?

थांबा. पाच लाख तेच, व्याजदर तोच, तारीख तीच. मग एका वाटेने ते दहा लाख वाचवतात आणि दुसरीने चारच, हे कसं? याचं उत्तर पुढच्याच महिन्याच्या हप्त्यात सापडतं.

पार्ट पेमेंट केलं नसतं तर एकसष्टाव्या हप्त्यात व्याज असतं २४,९६९ आणि मुद्दल ९,७४४. पाच लाख भरल्यावर त्या महिन्याचं व्याज होतं २१,४२८. म्हणजे ३,५४१ रुपयांनी कमी, आणि हे दोन्ही वाटांवर अगदी सारखं. पाच लाखांवर साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज तेवढंच होतं. इथवर बँकेच्या लेखी दोन्ही कर्जं जुळी आहेत. फरक पडतो तो मुद्दलात. हप्ता तोच ठेवला तर व्याज वजा जाता १३,२८५ रुपये मुद्दलाला जातात. हप्ता कमी करून घेतला तर मुद्दलाला जातात ८,३६१, म्हणजे पाच लाख भरायच्या आधी जात होते त्याहूनही कमी!

हप्ता ४,९२४ रुपयांनी उतरला, त्याचे दोन तुकडे पाडले तर ३,५४१ हे खरोखर वाचलेलं व्याज आहे आणि उरलेले १,३८३ हे मुद्दल आहे, जे आपण या महिन्यात न भरता पुढे ढकलतो आहोत. मुदत कमी करणारा माणूस हे दोन्ही तुकडे दर महिन्याला परत कर्जात घालतो. म्हणजे तो पाच लाखांवर थांबलेलाच नाही. दर महिन्याला आणखी ४,९२४ भरतो आहे, तेही सलग अकरा वर्षं. त्याचं वाचलेलं जादा व्याज या जादा भरलेल्या पैशांचं आहे. पाच लाखांनी दोघांनाही साडेआठ टक्केच दिले.

पटत नसेल तर उलटीकडून पाहा. १३६ महिन्यांनी पहिल्या वाटेवरचं कर्ज संपलेलं असेल. दुसऱ्या वाटेवर तेव्हा ४४ हप्ते उरलेले असतील आणि बाकी असेल सुमारे ११ लाख २२ हजार. आता समजा, हप्ता कमी करून घेणाऱ्याने दरमहा वाचलेले ४,९२४ साडेआठ टक्के मिळतील अशा ठिकाणी गुंतवले. त्याच दिवशी त्याच्याकडे ११ लाख २० हजार जमलेले असतील. ते भरून तोही मोकळा. साडेसहा टक्क्यांच्या रिकरिंगमध्ये ठेवले तर जमतील ९ लाख ८६ हजार, म्हणजे कर्जमुक्तीला एक लाख छत्तीस हजार कमी पडतील, आणि व्याजावरचा आयकर गेला की त्याहून थोडे जास्त. तक्त्यातला सहा लाख चाळीस हजारांचा फरक शिस्तीच्या माणसासाठी एवढ्यावर येतो. बेशिस्त माणसाचे ते ४,९२४ मात्र हॉटेल आणि ऑनलाइन खरेदीत विरघळतात. मग तक्त्यातला मोठा आकडा त्याला पुरेपूर लागू पडतो.

तेव्हा दरमहाचे हे पाच हजार बँकेने हक्काने कापून घ्यावेत, की ते आपल्या मुठीत राहावेत, हे ठरवायचं असतं. मुदत कमी केली तर ते हप्त्यात अडकले. नोकरी गेली, दुकानाचा धंदा बसला किंवा घरात मोठं आजारपण आलं, तरी ३४,७१३ भरायचेच. एक हप्ता चुकला तरी दंड लागतो आणि सिबिलवर नोंद जाते. "पाच वर्षांपूर्वी मी पाच लाख आगाऊ भरले होते, आता तीन महिने सांभाळून घ्या," असं बँकेला म्हणून उपयोग नसतो. एकदा कमी केलेली मुदत पुन्हा वाढवून मागणं सोपं नाही. अडचणीत असताना ती मागितली तर खात्यावर कर्जाच्या पुनर्रचनेचा शिक्का बसू शकतो, आणि पुढचं कर्ज घेताना तो आडवा येतो. हप्ता कमी करून घेतला असेल तर २९,७८९ चीच सक्ती. वरचे पाच हजार दरमहा आपण स्वखुशीने कर्जखात्यात भरत राहायचे. कर्ज जवळपास पहिल्या वाटेइतक्याच वेगाने संपतं आणि अडचणीच्या महिन्यात नुसतं भरायचं थांबवायचं. ते कुणाला कळतही नाही.

माझं मत विचाराल तर ज्या घरात एकच कमाई आहे, पगार कंत्राटी आहे किंवा उत्पन्न हंगामावर चालतं, त्यांनी हप्ता कमी करून घ्यावा आणि वाचलेली रक्कम आपणहून भरत राहावी. दोघांच्या पक्क्या नोकऱ्या आहेत पण महिनाअखेरीला खात्यात काही उरत नाही, अशांनी मुदत कमी करावी. त्यांच्यासाठी बँकेची सक्तीच बरी. ज्यांचं कर्ज साठीच्या पुढे चाललंय त्यांनाही मुदत निवृत्तीच्या अलीकडे आणावीच लागेल. लवकरच गाडीचं किंवा मुलीच्या शिक्षणाचं कर्ज काढायचं असेल तर हप्ता कमी केलेला बरा. नवं कर्ज देणारा पगारातला किती हिस्सा हप्त्यांत जातो ते पाहतो; उरलेली मुदत तो तेवढी मोजत नाही.

पाच लाखच्या पाच लाख भरावेत का, हा याच्याही आधीचा प्रश्न. साध्या होम लोनमध्ये भरलेला पैसा परत काढता येत नाही. काही बँकांचं ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं होम लोन असतं. त्यात जादा ठेवलेली रक्कम गरजेला काढता येते आणि तोवर तिच्यावर व्याज लागत नाही. व्याजदर मात्र सहसा थोडा चढा असतो. तुमचं खातं तसं नसेल तर सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला काढून मगच बाकीचे भरा. घरावर साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडून टाकायचं आणि दोन महिन्यांनी दवाखान्यासाठी चौदा टक्क्यांचं पर्सनल लोन काढायचं, असे हिशेब मी पुष्कळ पाहिले आहेत.

एक गैरसमजही जाता जाता काढून टाकू. "शेवटच्या वर्षांत हप्त्यात मुद्दलच जास्त असतं, तेव्हा भरून काय उपयोग?" याच कर्जात पाच लाख पाचव्याऐवजी पंधराव्या वर्षी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर वाचतात सुमारे २ लाख १२ हजार. दहा लाखांपुढे हे किरकोळ वाटतं. पण दर तोच आहे, साडेआठ टक्के. वाचवायला वर्षं कमी उरलीत. त्या वेळी तुमच्या मुदत ठेवीवर कर वजा जाता साडेपाच टक्के पडत असतील तर पंधराव्या वर्षीही कर्ज फेडणंच फायद्याचं. तुलना उरलेल्या वर्षांशी करायची नसते, हातातला पैसा दुसरीकडे काय मिळवतो त्याच्याशी करायची. आयकराची जुनी पद्धत धरून घराच्या व्याजाची वजावट घेणाऱ्याला कर्ज खरं म्हणजे थोडं स्वस्त पडतं, तेही या तुलनेत धरावं. नव्या पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, तिथे साडेआठ म्हणजे साडेआठच.

पैसे भरल्यावर पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून व्याजाचा रकाना पाहणं हे सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि तेच राहून जातं. आपल्या उदाहरणात तो आकडा ३,५४१ ने उतरलेला दिसायला हवा. तुमच्या कर्जासाठी भरलेल्या रकमेला वार्षिक व्याजदराने गुणा आणि बाराने भागा. तेवढी घट दिसली नाही तर पैसे मुद्दलात गेलेलेच नाहीत. ते आगाऊ हप्ते म्हणून खात्यात पडून असतात आणि दर महिन्याला त्यातून हप्ता वळता होत जातो. माणूस खूश असतो, की बँक हप्ता कापत नाहीये! आणि व्याज आधीसारखंच चढत असतं. हे टाळायला पैसे भरताना अर्जावर स्पष्ट लिहायचं: ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी (किंवा उलट), आणि नवं परतफेडीचं शेड्यूल द्यावं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. ॲपवर भरलं असेल तर तोच मजकूर शाखेला ईमेल करायचा.

दुसरा घोटाळा व्याजदर बदलल्यावर होतो. होम लोनचा दर फ्लोटिंग असेल तर तो बहुधा रेपोशी बांधलेला असतो. रेपो मे २०२२ मध्ये चार टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला. त्या काळात पुष्कळ बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली आणि लोकांनी पार्ट पेमेंट करून कमी केलेले महिने गुपचूप परत आले. काहींची कर्जं मूळ मुदतीच्याही पलीकडे गेली. यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराने निवडायचं. आणि मधे केव्हाही अंशतः किंवा पूर्ण फेड करण्याची मुभा द्यायची. दर तिमाहीला खात्याचं विवरणही द्यायचं, त्यात उरलेले हप्ते दाखवायचे. ते विवरण ईमेलमध्ये येऊन पडतं आणि कुणी उघडत नाही. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर उतरला, तेव्हाही तुमच्या बँकेने हप्ता कमी केला की मुदत, हे त्याच विवरणात सापडेल.

आता दंडाकडे येऊ. कर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून बँक जे आकारते त्याला फोरक्लोजर चार्जेस म्हणतात. थोडंच आधी भरलं तर प्रीपेमेंट चार्जेस. पूर्वी हे होम लोनवरही लागायचे आणि त्यांचा खरा उपयोग गिऱ्हाईक दुसऱ्या बँकेकडे जाऊ नये एवढाच असायचा. एम. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखालच्या ग्राहकसेवा समितीने हेच बोलून दाखवलं आणि जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तींच्या फ्लोटिंग दराच्या होम लोनवर बँकांना असा आकार घेण्याची मनाई केली. मे २०१४ मध्ये ती मनाई व्यक्तींच्या सगळ्याच फ्लोटिंग मुदत कर्जांना लागू झाली, त्याच वर्षी फायनान्स कंपन्यांनाही.

तरीही वाद उरलेच. म्हणून २ जुलै २०२५ ला रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीने धंद्याव्यतिरिक्त कशासाठीही फ्लोटिंग दराने कर्ज घेतलं असेल तर मुदतीआधी फेडण्याबद्दल एक पैसाही आकारता येणार नाही. थोडं भरा की सगळं, पहिल्या महिन्यात भरा की दहाव्या वर्षी. पैसे तुमच्या खिशातले असोत की दुसऱ्या बँकेने टेकओव्हर करताना दिलेले. "स्वतःच्या पैशांनी भरलं तर माफ, दुसऱ्या बँकेत गेलात तर दोन टक्के" हे जुनं कलम यात बसत नाही. सहकर्जदार असला तरी फरक पडत नाही.

धंद्यासाठीच्या कर्जात मात्र कर्ज कुणी दिलं ते पाहावं लागतं. व्यक्तीला किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाला मोठ्या व्यापारी बँकेने फ्लोटिंग दराने कर्ज दिलं असेल तर तिथेही आकार नाही. स्मॉल फायनान्स बँक, ग्रामीण बँक, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक अशांच्या बाबतीत ही सूट मंजूर मर्यादा पन्नास लाखांपर्यंत असेल तरच. नागरी सहकारी बँकांमध्ये सगळ्यांत मोठ्या गटातल्या बँका व्यापारी बँकांच्या रांगेत बसतात, त्याखालच्या गटाला पन्नास लाखांची रेषा, आणि लहान नागरी बँकांना धंद्याच्या कर्जावर आपल्या धोरणाप्रमाणे आकार लावता येतो. तुमचं दुकानावरचं कर्ज कशात मोडतं हे मंजुरीपत्रावरून शाखेत विचारून घ्या.

महाराष्ट्रात एक गोष्ट विसरून चालत नाही. आपल्याकडे गावोगावी पतसंस्था आहेत, नोकरदारांच्या सोसायट्या आहेत आणि लोक त्यांना सर्रास बँकच म्हणतात. त्या रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक तिथे दाखवून उपयोग नाही. तिथे चालतात संस्थेचे पोटनियम आणि आपण सही केलेला कर्जरोखा. कर्ज घेतानाच आगाऊ फेडीचं कलम वाचून घेतलं तर बरं, कारण नंतर दाद मागायची तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावं लागतं.

फिक्स्ड दराचं कर्ज मात्र या सगळ्या सवलतीच्या बाहेर आहे, आणि पर्सनल लोन, गाडीची कर्जं बहुतेक फिक्स्डच असतात. काही होम लोन पहिली दोन-तीन वर्षं फिक्स्ड आणि नंतर फ्लोटिंग होतात. नव्या निर्देशांनुसार तिथे फेडीच्या दिवशी कोणता दर चालू आहे ते पाहायचं. दोन महिने थांबून दर फ्लोटिंग झाल्यावर भरलं तर आकार शून्य, असंही होऊ शकतं.

फिक्स्ड कर्जात आकार लागला म्हणून आधी फेडूच नये का? एक उदाहरण घेऊ. सहा लाखांचं पर्सनल लोन, चौदा टक्के, पाच वर्षं, हप्ता १३,९६१. करारात फोरक्लोजर चार्ज बाकी मुद्दलाच्या चार टक्के, त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे हातात ४.७२ टक्के. दोन वर्षांनी बाकी असते सुमारे ४ लाख ८ हजार आणि पुढच्या तीन वर्षांचं व्याज ९४ हजार. आकार होतो १९ हजार ३००. तो देऊनही पाऊण लाख वाचतात, बिनधास्त बंद करा. चार वर्षांनी बाकी दीड लाखाच्या थोडी वर, उरलेलं व्याज १२ हजार, आकार ७ हजार ३००. फायदा आता पावणेपाच हजारांचा, आणि वर्षभर ते दीड लाख बँकेत पडून राहिले असते तर त्यांनी जे व्याज मिळवलं असतं तेही वजा करा. जवळपास बरोबरी होते. सहा हप्ते उरले असताना बाकी ८० हजार, व्याज ३ हजार ३००, आकार ३ हजार ८००. इथे कर्ज बंद करणारा स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये घालतो. या दराला आणि या आकाराला सातेक हप्ते उरले की बंद करण्यात राम नाही. आकार कमी असेल तर ही सीमा आणखी अलीकडे येते, म्हणजे चार-पाच हप्ते उरले तरी परवडतं.

आकार कशावर लावलाय तेही पाहायचं. १ जानेवारी २०२६ नंतरच्या मुदत कर्जांत तो जितकी रक्कम आगाऊ भरता तेवढ्यावरच लागू शकतो. मूळ मंजूर कर्जावर नाही. आणि तो मंजुरीपत्रात, करारात आणि की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये लिहिलेला असायलाच हवा. की फॅक्ट स्टेटमेंट म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडलेला छोटा तक्ता. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत तो देणं बंधनकारक आहे. त्यात नसलेला आकार बंद करायच्या दिवशी मागता येत नाही. "आमचं धोरण मागच्या महिन्यात बदललं" हे उत्तरही चालत नाही. जुन्या कर्जांना नवे निर्देश लागत नाहीत. तिथे त्या वेळचा नियम आणि तुमचा करार पाहायचा.

कर्ज पूर्ण फेडायचं ठरलं की आधी फोरक्लोजर स्टेटमेंट मागवा. त्यात बाकी मुद्दल, त्या दिवसापर्यंतचं व्याज, आकार असल्यास तो, आणि ती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेलं असतं. पुढे प्रत्येक दिवसाचं व्याज वेगळं. महिन्याच्या मधे बंद केलं तर मागच्या हप्त्यापासूनचे मोडके दिवस व्याजात धरतात, तो दंड नसतो. घाई करून जुन्या आकड्यावर पैसे भरले तर खात्यात दोनशे-चारशे रुपये उरतात, त्यावर व्याज चढतं आणि वर्षभराने सिबिलमध्ये थकबाकी दिसते. भरणा झाल्यावर हप्त्याचं नॅच मँडेट रद्द करून घ्या, नाहीतर कर्ज संपल्यावरही हप्ता कापला जातो आणि परत मिळवायला चार हेलपाटे पडतात.

मूळ कागद परत देण्याची मुदतही आता ठरलेली आहे. पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत कागदपत्रं द्यायची आणि गहाणाचा बोजा उतरवायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये कर्जदाराला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना कर्ज घेतेवेळी मिळालेल्या यादीवर एकेक टिपून घ्या. साखळीतला जुना करारनामा किंवा बिल्डरची मूळ पावती नेमकी गहाळ असते. नो ड्यूजचं पत्र सोसायटीला द्या, म्हणजे त्यांच्या नोंदीतला बँकेचा हक्क निघेल. जमीन किंवा स्वतंत्र प्लॉट असेल तर सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा लिहिलेला असतो. बँकेने पत्र दिलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. ते पत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा, फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून बघायचा.